नवीन बेनिफिशरी ॲड केला, आता मोठी रक्कम जातच नाहीये: नेमकं कुठं अडतंय आणि काय करायचं

हा प्रॉब्लेम मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. मी बरीच वर्षं बँकेच्या शाखेत काउंटरला होते, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचे असले फोन माझ्याकडेच येतात. मागच्या वेळी मामेभावाचा आला, गुरुवारी रात्री साडेनऊला, आवाज एकदम पडलेला. त्याने पुण्यात जुना फ्लॅट घेतला, शुक्रवारी सकाळी अकराला दुय्यम निबंधक कार्यालयात रजिस्ट्रेशनची वेळ घेतलेली, मालकाला द्यायचे साडेचौदा लाख खात्यात तयार, आणि ॲप म्हणतंय की नवीन बेनिफिशरीची मर्यादा ओलांडली. "ताई, पैसे माझे, खातं माझं, मग मला का अडवतायत?" हे त्याचं पहिलं वाक्य. त्याचा राग मला पटला, पण त्याने तोवर जे जे करून ठेवलं होतं त्याने काम अजून लांबलं होतं, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते.

आधी काय झालं ते क्रमाने सांगते. संध्याकाळी ७.४० ला त्याने मालकाचं खातं बेनिफिशरी म्हणून ॲड केलं, ओटीपी टाकला. पहिली ३० मिनिटं काहीच जात नव्हतं, तेवढं त्याला माहीत होतं. सव्वाआठला १ रुपया पाठवला, मालकाला मेसेज आला, दोघंही खूश. मग साडेचौदा लाखाचं आरटीजीएस टाकलं तर नकार. त्याला वाटलं रक्कम मोठी आहे म्हणून, तर २ लाखाचं टाकलं, परत नकार. मग आयएमपीएसने १ लाख, तेही नाही. मग कोणीतरी सांगितलं की बेनिफिशरी डिलीट करून परत ॲड कर, काहीतरी अडकलं असेल, तर ९.२० ला त्याने तेही केलं. आणि मग मला फोन केला.

यातली खरी चूक ही शेवटची. नवीन बेनिफिशरीला पहिले काही तास मोठी रक्कम जाऊ देत नाहीत त्याला कूलिंग पिरियड म्हणतात, आणि त्याचं घड्याळ बेनिफिशरी ॲड झाल्यापासून चालू होतं. डिलीट करून परत ॲड केलं की बँकेच्या सिस्टीमला तो पूर्ण नवीन माणूस, घड्याळ परत शून्यावर. ७.४० ला ॲड केलेलं तसंच ठेवलं असतं तर २४ तासांनी, शुक्रवारी संध्याकाळी ७.४० ला मोकळा झाला असता, आता ते शुक्रवारी रात्री ९.२० वर गेलं. त्याच्या बाबतीत दोन्हीचा उपयोग नव्हता कारण रजिस्ट्रेशन सकाळीच, पण ज्यांना दुपारी-संध्याकाळी पैसे द्यायचे असतात त्यांचा यात अख्खा दिवस जातो. म्हणून सगळ्यात आधी हे, अडलं तर बेनिफिशरीला हात लावू नका, आहे तसा राहू द्या.

आता ही मर्यादा असते कशी. बऱ्याच मोठ्या खाजगी बँकांत साधारण असं असतं की ॲड केल्यावर अर्धा तास काहीच पाठवता येत नाही आणि त्यानंतर पहिल्या २४ तासांत त्या एका बेनिफिशरीला एकूण ५०,००० रुपयेच जातात. काही बँकांत हा काळ चार दिवसांचा असतो पण मर्यादा लाखांत असते, काहींत अजून वेगळं काही, तर आपल्या बँकेचा आकडा नेटबँकिंगच्या बेनिफिशरी ॲड करायच्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेला असतो तो वाचायचा. महत्त्वाचा शब्द आहे "एकूण". तुकडे करून फायदा नाही, आयएमपीएसने पाठवा नाहीतर एनईएफटीने, सगळं मिळून ५०,०००. आणि आरटीजीएसची तर मुळात किमान रक्कमच २ लाख आहे, म्हणजे ५०,००० ची मर्यादा चालू असताना त्या माणसाला आरटीजीएस होणं गणितानेच शक्य नाही. भाऊ २ लाखावर आला तरी नकार येत राहिला तो यामुळे.

अजून एक गोंधळ मी पुष्कळ वेळा बघितलाय, तो दोन घड्याळांचा. तुमची रोजची ट्रान्सफर मर्यादा तारखेवर चालते, रात्री १२ वाजले की नवीन दिवस. कूलिंग पिरियड तासांवर चालतो. लोक रात्री अकराला बेनिफिशरी ॲड करतात, ५०,००० पाठवतात आणि १२ वाजून ५ मिनिटांनी परत प्रयत्न करतात की आता नवीन दिवस लागला, तर नाही जात, कारण २४ तास दुसऱ्या रात्री अकराला पूर्ण होणार.

पण प्रत्येक नकार कूलिंगचाच असतो असं नाही, आणि इथेच वेळ जातो. मेसेज नीट वाचा, घाईत बंद करू नका, स्क्रीनशॉट काढा. नवीन बेनिफिशरी किंवा नवीन पेयी असे शब्द असतील तर कूलिंग. नुसतंच रोजची मर्यादा किंवा ट्रान्सफर लिमिट म्हणत असेल तर ती तुमच्या खात्याची स्वतःची मर्यादा आहे जी बहुतेकांनी खातं उघडल्यापासून कधी बघितलेलीच नसते, ती नेटबँकिंगमधून वाढवता येते. मात्र बऱ्याच बँकांत वाढवलेली मर्यादा लागू व्हायलाही २४ तास लागतात, म्हणजे तिथेही तोच विचार. ५ लाखाच्या वर आयएमपीएसने पाठवत असाल तर तो त्या सेवेचाच आकडा आहे, २०२१ मध्ये तो २ लाखाचा ५ लाख झाला, त्याच्यावर जात नाही, बँकेची त्याहून कमीही असू शकते. आणि फोन नवीन घेतला असेल किंवा ॲप काढून परत टाकलं असेल तर काही बँका त्या फोनवरून पहिला एक दिवस कमीच रक्कम जाऊ देतात, तेव्हा बेनिफिशरी दहा वर्षं जुना असला तरी अडतं.

ओळखायची सोपी युक्ती अशी की एखाद्या जुन्या बेनिफिशरीला, म्हणजे आईला, बायकोला, ज्याला नेहमी पाठवता त्याला, तेवढीच रक्कम टाकून बघा, शेवटचा ओटीपी टाकायच्या आधी थांबायचं, पाठवायचं नाही. बऱ्याच ॲपमध्ये मर्यादेची तपासणी ओटीपीच्या आधीच होते. जुन्याला पुढच्या पानावर गेलं आणि नव्याला नाही गेलं तर कूलिंगच. दोघांनाही नाही गेलं तर मर्यादा किंवा फोनचा प्रश्न. भावाकडून मी फोनवरच हे करून घेतलं, मामीच्या खात्यावर साडेचौदा लाखाचं पान उघडलं, म्हणजे त्याची रोजची मर्यादा पुरेशी होती, अडचण फक्त नव्या बेनिफिशरीची.

मग तो म्हणाला कस्टमर केअरला फोन करून काढून घेऊ. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, नंबर गूगलवर शोधू नकोस. अडलेला माणूस रात्री घाईत नंबर शोधतो, तिथे खोट्या कस्टमर केअरवाल्यांनी नंबर टाकून ठेवलेले असतात, ते म्हणतात तुमचं लिमिट काढून देतो, हे ॲप टाका, स्क्रीन शेअर करा, आणि खातं रिकामं. साडेचौदा लाख तयार ठेवलेला माणूस त्यांना स्वतःहून फोन करतोय याच्याहून त्यांना काय पाहिजे. नंबर घ्यायचा तो डेबिट कार्डाच्या मागचा. दोन, खरा कस्टमर केअरसुद्धा हे काढणार नाही. भाऊ चिडला की मग ठेवलाय कशाला. पण विचार करा, जर फोनवर जन्मतारीख आणि कार्डाचे चार आकडे सांगून मर्यादा निघत असेल तर चोरही तेच सांगेल, त्याच्याकडे ती माहिती असतेच. ज्या दाराला फोनवरून कुलूप उघडतं ते दार असून नसून सारखंच.

आता बँका हे का करतात ते सांगते कारण शाखेत असताना दुसरी बाजू मी डोळ्यांनी बघितलीय. कोणी तुमच्या नेटबँकिंगमध्ये घुसला, पासवर्ड मिळवून, तुमच्या सिमकार्डाचं डुप्लिकेट काढून किंवा तुमचीच स्क्रीन बघून, तर त्याच्याकडे ओटीपीसुद्धा येतो. मग बँकेच्या नजरेला तो आणि तुम्ही सारखेच. फरक एकच राहतो. तुम्ही नेहमी ज्यांना पैसे पाठवता त्या यादीत त्याचं खातं नसतं. पैसे स्वतःकडे न्यायचे तर त्याला यादीत एक नवीन नाव घालावंच लागतं, त्याला पर्याय नाही. म्हणून नवीन बेनिफिशरी ही जागा बँकेने पकडली. त्या क्षणी तुमच्या मोबाईलवर आणि ईमेलवर मेसेज जातो, आणि मोठी रक्कम जायच्या आत तुम्ही तो वाचावा एवढा वेळ मध्ये ठेवला जातो. रात्री दोनला कोणी खातं ॲड केलं तर तुम्ही सकाळी उठून मेसेज बघेपर्यंत जास्तीत जास्त ५०,००० गेलेले असतील, सगळे साडेचौदा लाख नाही. डुप्लिकेट सिम काढलं असेल तर मेसेज तुमच्याकडे येणार नाही हे खरं, पण तेव्हा तुमच्या फोनची रेंज गेलेली असते आणि ईमेल तरी येतो, २४ तासांत माणसाला काहीतरी चुकतंय हे कळतं. अर्ध्या तासात नाही कळत.

आणि वेळ एवढा का लागतो तर गेलेले पैसे परत मिळणं हा मिनिटांचा खेळ आहे म्हणून. आयएमपीएस लगेच जमा होतं, आरटीजीएसही समोरच्या बँकेने अर्ध्या तासात जमा करायचं असतं. चोराचं खातं त्याचं स्वतःचं नसतंच, कोणाचं तरी भाड्याने घेतलेलं असतं, त्यातून पैसे पाच-दहा खात्यांत फुटतात, एटीएममधून निघतात. पूर्वी एनईएफटी संध्याकाळी बंद व्हायचं आणि सुट्टीला नसायचं, त्यामुळे आपोआपच थोडा अडसर होता. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास झालं. आपली सोय झाली, मला स्वतःला तेव्हा फार बरं वाटलं होतं, पण रात्री दोनला वीस लाख हलवायची सोय चोरालाही मिळाली. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१३ च्या परिपत्रकातच बँकांना सुचवलं होतं की दिवसात किती बेनिफिशरी ॲड करता येतील यावर मर्यादा घाला, ॲड झाला की ग्राहकाला अलर्ट द्या. पण अमुक तास आणि अमुक रुपये हा आकडा प्रत्येक बँक स्वतः ठरवते, म्हणून शेजारच्याच्या बँकेत गेलं आणि माझ्या बँकेत का नाही हा वाद घालण्यात अर्थ नसतो.

अजून एक कारण आहे जे लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे ऑनलाइन ट्रान्सफर जमा होतं ते खाते क्रमांकावर. नाव तुम्ही काहीही लिहा, क्रमांक दुसऱ्याचा असेल तर पैसे त्या दुसऱ्याला जातात. आता १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएसला पाठवायच्या आधी खातेदाराचं खरं नाव दाखवायची सोय आलीय, ती जरूर वापरा, १ रुपया पाठवण्यापेक्षा ती बरी कारण रुपया पोचला एवढंच कळतं, कोणाला पोचला ते समोरचा सांगेल तेच. फ्लॅटच्या व्यवहारात तर एक ठरलेला प्रकार चालतो, ऐनवेळी मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावाने व्हॉट्सॲपवर नाहीतर ईमेलवर मेसेज येतो की आमचं खातं बदललंय, नव्या खात्यावर पाठवा. तुम्ही घाईत नवीन बेनिफिशरी ॲड करता, आणि हा कूलिंगचा दिवसच तुम्हाला मालकाला फोन करून विचारायची संधी देतो. भावालाही मी विचारलं, खाते क्रमांक कुठून घेतलास. व्हॉट्सॲपवरून. मग त्याच रात्री मालकाला फोन लावून कॅन्सल चेकचा फोटो मागवला, क्रमांक जुळला, मग मी सोडलं.

हेही स्पष्ट सांगते की हा अडसर सगळ्याला पुरत नाही. जिथे माणूस स्वतःच घाबरून पैसे पाठवतो, ते डिजिटल अरेस्टवाले दोन-दोन दिवस व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतात, तिथे ते २४ तास संपायची वाटसुद्धा बघतात. तिथे कूलिंग पिरियड हरतो. आणि तुमच्या यादीतल्या जुन्या माणसाचंच खातं चोराच्या हातात असेल तरी काही उपयोग नाही.

आता तातडीचं काम असेल तर काय करायचं. सरळ शाखेत जायचं. ही मर्यादा ऑनलाइन ॲड केलेल्या बेनिफिशरीला आहे, शाखेतून केलेल्या आरटीजीएसला ती लागत नाही, कारण तिथे तुमची सही जुळवली जाते, तुम्ही समोर उभे असता, मोठी रक्कम असेल तर अधिकारी दोन प्रश्न विचारतो. भाऊ शुक्रवारी दहा वाजता शाखा उघडायच्या आधी दारात उभा होता. बरोबर चेकबुक, आधार, पॅन, मालकाच्या कॅन्सल चेकचा फोटो आणि साठेखताची झेरॉक्स, कारण पैसे कशासाठी असं विचारलं तर दाखवायला बरं पडतं. चेक लिहिताना मालकाचं नाव टाकायचं नाही, "आरटीजीएससाठी युवरसेल्फ" असं बँक सांगते तसं लिहायचं, तारीख, रक्कम, सही. फॉर्मवर खाते क्रमांक आणि आयएफएससी दोनदा तपासायचा, मी तर उलटा वाचायला सांगते, शेवटच्या आकड्यापासून, चूक पटकन दिसते. ५ लाखाच्या वरच्या आरटीजीएसला शाखेत जास्तीत जास्त साडेएकोणपन्नास रुपये आणि वर जीएसटी, एवढाच खर्च.

पोचपावतीवर यूटीआर, म्हणजे त्या ट्रान्सफरचा ओळख क्रमांक, लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. त्याला १०.३५ ला मिळाला, १०.५० ला मालकाच्या फोनवर जमा झाल्याचा मेसेज आला. आणि इथे एक गोष्ट ऐनवेळी आठवली म्हणून बरं, खरेदीखतात पैसे कसे दिले त्याचा तपशील लिहिलेला असतो, वकिलाने तिथे गुरुवारची तारीख टाकून ठेवली होती. ती बदलून यूटीआर आणि शुक्रवारची तारीख घालायला लागली, सव्वाअकरा झाले, पण त्याच दिवशी काम झालं.

शाखेत जाणं जमत नसेल तर दुसरा रस्ता पे ऑर्डर किंवा डिमांड ड्राफ्टचा, पण त्यालाही बहुतेक शाखेतच जावं लागतं, फक्त तो दोन दिवस आधी काढून ठेवता येतो आणि त्याचा क्रमांक खतात आधीच टाइप करता येतो. जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात मला तो अजूनही आवडतो. यूपीआयचा विचार सोडा, तिथे साधी मर्यादा दिवसाला १ लाख. आणि बायकोच्या खात्यात टाकून तिथून पाठवू असं काहीजण म्हणतात, तर तिच्याही खात्यात मालक नवीनच असणार, शिवाय खतात पैसे कोणाच्या खात्यातून गेले हा प्रश्न वेगळा, तर ते नको.

पुढच्या वेळी हे टाळायचं तर मोठ्या पेमेंटच्या चार-पाच दिवस आधी बेनिफिशरी ॲड करा, त्याच दिवशी रोजची मर्यादाही तपासा आणि लागेल तर वाढवा, म्हणजे दोन्ही घड्याळं एकदमच संपतील. पेमेंट झालं की मर्यादा परत खाली आणा, मी घरातल्या सगळ्यांची १ लाखावर ठेवलीय. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी शाखा बंद असते, त्यामुळे शनिवार-सोमवारचा व्यवहार असेल तर गुरुवारीच सगळं बघून घ्या. एनआरआय खातं असेल किंवा संयुक्त खात्यावर दोन सह्या लागत असतील तर ऑनलाइनच्या भानगडीत न पडता आधी शाखेत विचारा.

आणि उलटं झालं, म्हणजे तुम्ही कोणालाच ॲड केलेलं नसताना बेनिफिशरी ॲड झाल्याचा मेसेज आला, तर तो वाचून बाजूला ठेवू नका. तोच तो वेळ आहे ज्याच्यासाठी हे सगळं ठेवलंय. कार्डामागच्या नंबरवर फोन करून नेटबँकिंग बंद करायला सांगा, तक्रार क्रमांक घ्या, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा किंवा cybercrime.gov.in वर नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होतं ते बँकेचं, तुम्ही स्वतः ओटीपी सांगून बसला असाल तरीसुद्धा कळवल्यानंतरचं बँकेचंच, म्हणून कळवल्याची वेळ लिहून ठेवा, मिनिटासकट.

शाखेतून केलेलं आरटीजीएस तासाभरात मालकाकडे जमाही नाही आणि तुमच्याकडे परतही नाही असं झालं तर यूटीआर घेऊन त्याच काउंटरला जा. खाते क्रमांक चुकीचा असेल आणि तसं खातंच नसेल तर समोरच्या बँकेने तासाभरात पैसे परत पाठवायचे असतात. खातं असेल पण दुसऱ्याचं असेल तर मात्र लगेच लेखी अर्ज द्या, कारण मग ते पैसे समोरच्या खातेदाराच्या संमतीशिवाय काढता येत नाहीत.